काळसर्प योग: पत्रिकेत खरोखर आहे का, आणि असला तर किती मनावर घ्यायचा

स्थळ चालून येतं, फोटो पसंत पडतात, पत्रिका जाते आणि दोन दिवसांनी निरोप येतो: "मुलीला काळसर्प आहे म्हणे. आधी शांत करून घ्या, मग बघू." घरात एकदम शांतता पसरते. आई देवापुढे बसते, वडील त्र्यंबकेश्वरला कुणाची ओळख आहे का ते विचारू लागतात. त्या गडबडीत मुलीची पत्रिका उघडून राहू किती अंशांवर आहे हे मात्र कुणीच बघत नाही. हा लेख त्या बघण्यासाठी आहे. पत्रिका, कागद आणि पेन घेऊन बसलात तर अर्ध्या तासात योग आहे की नाही ते तुम्हालाच कळेल. गणित शाळेतल्या वजाबाकीपुरतंच आहे.

आधी योग म्हणजे काय ते

राहू आणि केतू हे आकाशात दिसणारे ग्रह नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला दोन ठिकाणी छेदतो. त्या दोन बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. ते नेहमी एकमेकांच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतात. बाकी ग्रह सहसा मेषेकडून वृषभेकडे जातात, हे दोन बिंदू उलटे सरकतात आणि साधारण साडेअठरा वर्षांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतात.

राहूपासून केतूपर्यंत रेघ मारली की चक्राचे दोन सारखे भाग होतात. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सातही ग्रह त्यातल्या एकाच भागात असले तर त्याला काळसर्प योग म्हणतात. हर्षल, नेपच्यून, प्लुटो यात धरत नाहीत. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तीही धरत नाहीत. राहू लग्नापासून कितव्या स्थानात आहे त्यावरून अनंत, कुलिक, वासुकी, शंखपाल, पद्म, महापद्म, तक्षक, कर्कोटक, शंखचूड, घातक, विषधर आणि शेषनाग अशी बारा नावं दिली जातात. राहू पहिल्या स्थानात असेल तर अनंत, बाराव्यात असेल तर शेषनाग. नाव ऐकून धसका घेऊ नका, कारण ते फक्त राहूचं स्थान सांगतं. योग पूर्ण आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

पहिली पायरी: कुंडली बाजूला ठेवा, ग्रहस्पष्ट काढा

बहुतेक चुका इथेच होतात. कुंडलीच्या चौकोनात ग्रह कुठल्या राशीत आहे एवढंच दिसतं. राहू कुंभेत आणि मंगळही कुंभेत असेल तर मंगळ राहूच्या अलीकडे की पलीकडे, हे चौकोन बघून कुणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी अंश लागतात. छापील पत्रिकेत "ग्रहस्पष्ट" नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक ग्रहाची रास, अंश आणि कला दिलेल्या असतात. संगणकावर काढलेल्या पत्रिकेत हा तक्ता सहसा सुरुवातीच्या पानांवर असतो. "काळसर्प योग: आहे, शांती करावी" ही ओळ त्याच्या बऱ्याच नंतर, दोषांच्या पानावर येते. ही दोन पानं शेजारी ठेवून पाहा. कधीकधी तक्ता एक सांगतो आणि ओळ दुसरंच, कारण काही ठिकाणी ती ओळ नुसती राशी पाहून छापलेली असते.

तक्ता नसेल तर जन्मतारीख, वेळ आणि गाव देऊन कुठल्याही चांगल्या संगणक प्रणालीतून तो काढून घ्या.

दुसरी पायरी: अंश एका पट्टीवर आणा

प्रत्येक रास ३० अंशांची असते. मेषेपासून मोजत ग्रहाच्या आधी किती राशी पूर्ण झाल्या ते पाहा, त्याला ३० ने गुणा आणि राशीतले अंश मिळवा. कर्केच्या आधी मेष, वृषभ, मिथुन या तीन राशी होतात. म्हणून कर्क १८ अंश म्हणजे ९० अधिक १८, एकूण १०८. असे सातही ग्रहांचे आणि राहूचे आकडे लिहून काढा. केतूचा आकडा वेगळा काढायची गरज नाही.

तिसरी पायरी: प्रत्येकातून राहू वजा करा

ग्रहाच्या आकड्यातून राहूचा आकडा वजा करा. उत्तर ऋण आलं तर त्यात ३६० मिळवा. सातही उत्तरं १८० पेक्षा कमी असली, किंवा सातही १८० पेक्षा जास्त असली, तर योग पूर्ण आहे. एक जरी उत्तर दुसऱ्या बाजूला गेलं तरी योग होत नाही.

सगळे ग्रह राहूच्या पुढे केतूपर्यंत असले आणि केतूच्या पुढे राहूपर्यंत असले, या दोन प्रकारांना काही ज्योतिषी वेगवेगळी नावं देतात. एकाला काळसर्प आणि दुसऱ्याला काळामृत म्हणतात, एक वाईट आणि दुसरा सौम्य मानतात. त्यातही कुठला कुठला यावर मतभेद आहेत. तुम्ही दोन्ही तपासा आणि पत्रिकेत कुठली बाजू निघाली ते लिहून ठेवा.

एक पत्रिका हाताने सोडवून पाहू

पंडित जवाहरलाल नेहरूंची पत्रिका काळसर्पाचं उदाहरण म्हणून वर्षानुवर्षं दाखवली जाते, म्हणून तीच घेऊ. जन्म १४ नोव्हेंबर १८८९, अलाहाबाद, प्रचलित पत्रिकेत वेळ रात्री साडेअकराच्या सुमाराची आणि लग्न कर्क. अयनांश म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा फरक. प्रचलित चित्रापक्षीय अयनांशाने ग्रह जवळच्या पूर्ण अंशात मांडले तर तक्ता असा होतो:

राहू: मिथुन १३, म्हणजे ७३
चंद्र: कर्क १८, म्हणजे १०८
शनी: सिंह ११, म्हणजे १३१
मंगळ: कन्या १०, म्हणजे १६०
शुक्र: तूळ ७, म्हणजे १८७
बुध: तूळ १७, म्हणजे १९७
रवी: वृश्चिक ०, म्हणजे २१०
गुरू: धनू १५, म्हणजे २५५

आता सगळ्यांतून ७३ वजा करा. चंद्र ३५, शनी ५८, मंगळ ८७, शुक्र ११४, बुध १२४, रवी १३७. सहाही १८० च्या आत आले. राहिला गुरू. २५५ मधून ७३ गेले, उरले १८२. केतू धनू १३ वर आहे आणि गुरू धनू १५ वर, म्हणजे गुरू केतूला ओलांडून दोन अंश बाहेर उभा आहे. योग झाला नाही.

चौकोनी कुंडलीत मात्र गुरू आणि केतू एकाच घरात, धनूत, शेजारी शेजारी लिहिलेले दिसतात. राशी बघून सांगणारा म्हणेल, "राहू बाराव्यात, केतू सहाव्यात, सगळे मध्ये, शेषनाग काळसर्प." अंश बघणारा म्हणेल, योग भंगला. पत्रिका तीच आहे. फरक फक्त दोन अंशांचा आहे, आणि त्या दोन अंशांवर एखाद्या घरातलं लग्न मोडू शकतं.

या पत्रिकेत पाहण्यासारखं वेगळंच आहे. चंद्र कर्केत, शुक्र तुळेत आणि गुरू धनूत, असे तीन ग्रह स्वराशीत आहेत, त्यातला चंद्र तर लग्नातच आहे. पत्रिका वाचणारा जाणकार सुरुवात तिथून करेल. हा माणूस साधारण नऊ वर्षं तुरुंगात राहिला, १९३६ मध्ये त्याची पत्नी गेली आणि १९४७ ते १९६४ तो पंतप्रधान होता. "काळसर्पामुळे तुरुंग" म्हणणारे आणि "काळसर्पामुळे राजयोग" म्हणणारे, दोघेही याच पत्रिकेवर बोट ठेवतात. पूर्ण न झालेल्या योगातून दोन्ही फळं काढता येत असतील, तर त्या योगातून कुठलंच फळ काढता येत नाही.

चौथी पायरी: सीमेवरचा ग्रह असेल तर

वजाबाकीचं उत्तर ० किंवा १८० च्या दोन-तीन अंश इकडेतिकडे आलं तर घाईने निकाल देऊ नका. इथे तीन गोष्टी पाहायच्या.

राहू दोन पद्धतींनी काढतात. मध्यम राहू सरासरी गतीने मिळतो आणि स्पष्ट राहू प्रत्यक्ष छेदनबिंदूवरून. दोघांत पावणेदोन अंशांपर्यंत फरक पडू शकतो. संगणक प्रणालीत याची निवड सहसा `Mean Node` आणि `True Node` अशी दिसते. दोन्ही लावून पाहा. एका पद्धतीने योग होत असेल आणि दुसऱ्या पद्धतीने मोडत असेल, तर तो काठावरचा आहे असंच म्हणायचं. दोन ज्योतिषी एकाच पत्रिकेबद्दल उलटसुलट का बोलतात, याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. नेहरूंच्या पत्रिकेत मात्र दोन्ही पद्धतींनी गुरू बाहेरच राहतो.

दुसरी गोष्ट जन्मवेळेची. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, म्हणजे तासाला अर्धा अंश. चंद्र राहू किंवा केतूच्या दोन अंश अलीकडे असेल आणि जन्मवेळ "संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास" एवढीच ठाऊक असेल, तर चार तासांच्या चुकीने निकाल फिरतो. बाकीचे ग्रह इतके सावकाश चालतात की वेळेतली तास-दोन तासांची चूक त्यांच्या बाबतीत क्वचितच आड येते. लग्न मात्र वेळेवर अवलंबून असतं. म्हणून वेळ चुकली तर "वासुकी" चा "कुलिक" होऊ शकतो, योग असणं किंवा नसणं त्याने बदलत नाही.

तिसरी गोष्ट अयनांशाची. अयनांश बदलला की पत्रिका बदलते हे खरं. पण या योगापुरतं त्याला महत्त्व नाही. अयनांशाने राहूसकट सगळे ग्रह सारख्याच अंशांनी मागे-पुढे होतात आणि वजाबाकीचं उत्तर तेच राहतं. "आमच्या अयनांशाने काळसर्प होतो" असं कुणी म्हणालं तर ते अंश न मोजता बोलत आहेत, असं खुशाल समजा.

हा योग किती दुर्मीळ आहे?

घरच्यांना वाटतं की आपल्याच मुलीच्या नशिबी हे कसं आलं. म्हणून संख्येचा हिशेब बघायला हवा.

बुध सूर्यापासून २८ अंशांच्या आणि शुक्र ४७ अंशांच्या पलीकडे कधी जात नाही. म्हणून रवी, बुध आणि शुक्र बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. उरलेल्या चार ग्रहांनीही त्याच बाजूला असायला हवं. प्रत्येकाची शक्यता निम्मी धरली तर सरासरी शंभर पत्रिकांत पाचेक पत्रिकांमध्ये योग पूर्ण होतो. आता "आंशिक काळसर्प" किंवा "अर्धा काळसर्प" म्हणून एक ग्रह बाहेर असलेल्या पत्रिकाही धरायला लागलो, तर त्याच हिशेबाने दर चौथ्या-पाचव्या पत्रिकेवर शिक्का बसतो. म्हणून आंशिक काळसर्प हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. व्याख्याच "सगळे ग्रह" अशी असताना एक बाहेर असेल तर योग नाही, इतकं ते सरळ आहे.

आणि या पत्रिका वर्षभर सारख्या विखुरलेल्या नसतात. गुरू आणि शनी सावकाश चालणारे, ते एका बाजूला आले की बराच काळ तिथेच राहतात. मग थव्यानेच असे जन्म होतात. जून २०२५ चं उदाहरण घ्या. राहू कुंभेच्या शेवटच्या अंशांत होता आणि केतू सिंहेच्या. शनी मीनेत, गुरू मिथुनेत, मंगळ पहिला आठवडा कर्केत आणि मग सिंहेत पण केतूच्या अलीकडे, आणि रवी, बुध, शुक्र मधल्या राशींत. सहा ग्रह महिनाभर एका बाजूला. उरला चंद्र. तो महिन्यातले साधारण तेरा-चौदा दिवस एका बाजूला असतो आणि तितकेच दिवस दुसऱ्या. २० ते ३० जून या सगळ्या दिवसांत तो बाकीच्यांच्याच बाजूला होता. म्हणजे त्या अकरा दिवसांत जगात जिथे जिथे मूल जन्मलं, नाशिकला, न्यू जर्सीला किंवा नैरोबीला, त्या प्रत्येकाच्या पत्रिकेत पूर्ण काळसर्प आहे. भारतात दिवसाला साठ हजारांहून जास्त मुलं जन्मतात, म्हणजे एकट्या आपल्या देशात अशी सहा लाखांवर मुलं झाली. चंद्र दुसऱ्या बाजूला असताना जन्मलेल्या मुलांना आंशिकवाले पकडतील, म्हणजे त्या महिन्यातलं एकही मूल सुटणार नाही. या सगळ्यांची लग्नं अडतील, सगळ्यांच्या नोकऱ्या जातील आणि सगळ्यांना संतती उशिरा होईल, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? एखादं भाकीत इतक्या मुलांना एकसारखं लागू होत असेल, तर तुमच्या मुलाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

जुन्या ग्रंथांत काय आहे

वराहमिहिरांच्या बृहज्जातकात हा योग नाही. बृहत्पाराशरहोराशास्त्रात "सर्प" नावाचा योग आहे, पण त्यात राहू-केतूच्या मध्ये सगळे ग्रह असण्याचा संबंध नाही. तो दलयोगांपैकी एक आहे आणि पापग्रह केंद्रांत असण्यावर ठरतो. पाराशरीत संततीच्या संदर्भात सर्पशापही सांगितला आहे, पण तो पंचम स्थान, पंचमेश, राहू आणि मंगळ यांच्या ठरावीक संबंधांवरून पाहतात. ही तीन वेगळी प्रकरणं एकाच टोपलीत टाकून "शास्त्रात सर्पदोष सांगितलाच आहे" असं म्हटलं जातं. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर नम्रपणे विचारा, "गुरुजी, कुठला ग्रंथ, कुठला अध्याय?" योगाला आधार म्हणून संस्कृत श्लोकही ऐकवले जातात. त्यांच्याबद्दलही हेच विचारा. अभ्यासू गुरुजींना या प्रश्नाचा राग येत नाही.

नाव कुठून आलं याचं एक पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. नवग्रहांच्या पूजेत राहूची अधिदेवता काल आणि प्रत्यधिदेवता सर्प मानतात. त्यामुळे राहूशी हे दोन्ही शब्द जोडलेले आहेत. पण नावाला आधार असला म्हणून फळाला आधार मिळत नाही.

योग पूर्ण असेल तर पुढे काय वाचायचं

वजाबाकीत सातही ग्रह एका बाजूला निघाले तर, ज्योतिष मानणाऱ्याच्या दृष्टीनेही, काम इथे संपत नाही. राहू आणि केतू कुठल्या स्थानांत आहेत, त्यांच्या राशींचे स्वामी कसे आहेत, त्यांच्या अगदी जवळ चंद्र किंवा रवी आहे का, आणि आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर राहूची १८ वर्षांची किंवा केतूची ७ वर्षांची महादशा येते, हे पाहून जाणकार बोलतो. लग्नाचा प्रश्न असेल तर सप्तम स्थान, सप्तमेश आणि शुक्र किंवा गुरू पाहतो. सातही ग्रह एका बाजूला असले तरी ते आपापल्या राशीत, आपापल्या बळाने असतातच. ते सगळं सोडून एकाच शब्दात पत्रिका निकालात काढणारा माणूस पत्रिका वाचतच नाही.

"बेचाळिशीनंतर दोष कमी होतो" हे वाक्य तुम्ही ऐकाल. तिशीत नोकरी बदलणं, कर्ज फेडणं, लग्न जमायला वेळ लागणं हे शेकडा नव्वद घरांत घडतं आणि चाळिशीनंतर बहुतेकांचं बस्तान बसतं. त्याचं श्रेय योगाला द्यायचं की वयाला, ते योग नसलेल्या भावंडांकडे बघून ठरवा.

आणि ज्योतिषाच्या बाहेरून बघायचं तर राहू-केतूच्या एका बाजूला ग्रह असण्याने माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो, याचा पुरावा नाही. आपल्याकडे ज्योतिषाची एक नेमकी चाचणी झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ती आखली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या शंभर-शंभर पत्रिका जमवल्या, सहभागी ज्योतिषांना त्यातल्या प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. ही चाचणी काळसर्पाची नव्हती. पण संपूर्ण पत्रिका हातात असूनही इतका मोठा फरक ओळखता येत नसेल, तर पत्रिकेतल्या एका योगावरून मुलीचं भवितव्य ठरवणं कुठल्याच बाजूने समर्थनीय ठरत नाही.

पत्रिका जुळवताना

आपल्याकडे ३६ गुणांचं मेलन बघतात. त्यातले वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशीकूट आणि नाडी हे आठही भाग दोघांच्या चंद्रराशीवरून आणि जन्मनक्षत्रावरून ठरतात. राहू-केतूला त्यात जागाच नाही. मंगळ वेगळा पाहतात, तोही मंगळाच्या स्थानावरून. म्हणजे गुणमेलनाची जी रीत दोन्ही घरं मानतात, त्या रीतीत काळसर्प येतच नाही. समोरच्यांकडून निरोप आला तर वाद घालू नका. ग्रहस्पष्टाचा तक्ता आणि वजाबाकीचा कागद त्यांच्याकडे पाठवा आणि सांगा, "काका, तुमच्या गुरुजींना एवढे अंश एकदा दाखवाल का?" राशी बघून दिलेला निकाल अंश समोर आल्यावर बरेचदा बदलतो. योग खरोखर पूर्ण असेल तर तेही लपवू नका, फक्त गुणमेलनात तो कुठे बसतो ते विचारा. तरीही ते अडून बसले, तर पुढच्या वीस वर्षांत प्रत्येक दुखण्याचं खापर त्या घरात सुनेवर फुटण्याची शक्यता आहे. असं स्थळ गेलं तर जाऊ द्यावं.

शांत करायची असेल तर

घरातल्या मोठ्या माणसांना शांत केल्याशिवाय चैन पडणार नसेल तर ती देवाची पूजा म्हणून जरूर करा, तिला माझा विरोध नाही. त्र्यंबकेश्वरला काळसर्प शांत सहसा एका दिवसात, काही तासांत होते. कुशावर्तावर स्नान, संकल्प, गणेशपूजन, पुण्याहवाचन, नवग्रह आणि नागप्रतिमांचं पूजन, हवन असा क्रम असतो. नारायण-नागबळी हा वेगळा, तीन दिवसांचा विधी आहे आणि त्याची कारणंही वेगळी आहेत. नारायणबळी अपमृत्यू आलेल्या पितरांसाठी करतात, नागबळी नागहत्येच्या दोषासाठी. पत्रिकेतल्या काळसर्पासाठी गेलात आणि तिथे "हेही करून टाका" असं सांगितलं गेलं, तर हे कारण आपल्या घरात आहे का ते आधी विचारा.

जाण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी ठरवून घ्या: एकूण दक्षिणा किती, तिच्यात साहित्य आणि नागप्रतिमा धरल्या आहेत का, आणि पूजा स्वतंत्र आहे की अनेक कुटुंबांची एकत्र. आकडा तिथे बसल्यावर वाढत गेला तर ठरलेलं तेवढंच द्या. "एकदा करून भागणार नाही, तीनदा करावी लागेल" असं म्हटलं गेलं तर तिथेच थांबा. कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून शांत करू नका. संततीसाठी दवाखान्यातले उपचार चालू असतील किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील, तर शांतीपायी ती एक दिवसही बंद करू नका.

एक उपाय मात्र कुणीही सांगितला तरी करू नये, तो म्हणजे गारुड्याकडून नाग विकत घेऊन सोडणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. टोपलीतल्या नागाचे दात बहुतेक वेळा काढलेले असतात, आणि रानात सोडला तरी तो भक्ष्य पकडू शकत नाही. आणि तुम्ही पैसे दिलेत की गारुडी पुढच्या गिऱ्हाईकासाठी दुसरा नाग पकडून आणतो. दूध पाजणंही तसंच. साप दूध पिणारा प्राणी नाही. तहानेने व्याकूळ ठेवलेला साप समोर येईल ते पितो आणि त्याने आजारी पडतो.

जून २०२५ च्या शेवटच्या दिवसांत घरात बाळ जन्मलं असेल आणि त्याची पत्रिका करून घ्यायची असेल, तर ती करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ग्रहस्पष्ट पूर्ण अंशांसह द्या, राहू मध्यम घेतला की स्पष्ट ते लिहा आणि दोषांचं पान छापू नका. बाळाला पुढे कुतूहल वाटलं तर त्या तक्त्यावरून ते स्वतःच वजाबाकी करून बघेल.